लंबकाची नोंदवही: २५ सेंटीमीटरवर g कुठे हरवला?

लंबकाची लांबी चौपट केली की दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, दुप्पट व्हायला हवा. माझ्या पहिल्या फेरीत तो १.९६ पट झाला. चार शतांशांचा हा फरक शोधण्यात तीन रविवार गेले.

मांडणी साधीच आहे. दाराच्या चौकटीवर दोन लाकडी पट्ट्यांच्या चिमट्यात शिवणकामाचा पक्का दोरा घट्ट धरला आहे, म्हणजे झोका नेमक्या एकाच बिंदूपासून सुरू होतो. खाली अडीच सेंटीमीटर व्यासाची पितळी गोळी आहे. लांबी चिमट्याच्या खालच्या कडेपासून गोळीच्या मध्यापर्यंत मोजली. प्रत्येक वेळी २० पूर्ण झोके मोजले. मोजणी टोकाशी नाही, तर गोळी तळातून जाताना सुरू केली, कारण तिथे ती सर्वांत वेगात असते आणि बोट दाबायचा क्षण नेमका कळतो.

पहिल्या फेरीत १ मीटरला ४०.२३ सेकंद, ५० सेंटीमीटरला २८.५६ आणि २५ सेंटीमीटरला २०.४९ सेकंद लागले. दोलनकाल T, लांबी L आणि गुरुत्वत्वरण g यांना जोडणाऱ्या T = 2π√(L/g) या सूत्रातून g काढला तर अनुक्रमे ९.७६, ९.६८ आणि ९.४० आला. पुण्यात तो ९.७८च्या आसपास असायला हवा. दोरा आखूड होत जातो तसा g घसरत होता.

T² आणि लांबीचा आलेख काढला, तेव्हा रेषा शून्यातून न जाता थोडी वरून गेली. ती जेवढी वर होती त्यातून हिशेब केला, तर लांबी सुमारे १.३ सेंटीमीटर कमी मोजल्यासारखी दिसत होती. गोळीची त्रिज्या १.२५! साहजिकच वाटलं, त्रिज्या धरायची राहिली. पट्टी लावून पुन्हा पाहिलं तर त्रिज्या धरलेलीच होती. हा योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आकडा इतका जुळत होता की मी तिथेच दुरुस्ती करून मोकळा झालो असतो. तसं केलं असतं तर सूत्र बरोबर दिसलं असतं आणि कारण चुकीचं राहिलं असतं. मधला, ५० सेंटीमीटरचा बिंदू मात्र त्या रेषेच्या किंचित खाली होता. लांबीची चूक असती, तर तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत बसले असते.

दोष सोडण्याच्या पद्धतीत होता. मी गोळी दर वेळी बाजूच्या एकाच खुणेपर्यंत, १५ सेंटीमीटर ओढून सोडत होतो. १ मीटरच्या दोऱ्याचा उभ्या रेषेशी होणारा कोन θ तेव्हा जेमतेम ८.६ अंश होतो. २५ सेंटीमीटरच्या दोऱ्याला तोच ३७ अंश!

गोळीला मध्याकडे ओढणारं बल sin θ च्या प्रमाणात असतं. सूत्र मात्र ते θ च्याच प्रमाणात आहे असं धरून मांडलेलं आहे. ५ अंशांना दोन्हींत हजारात जेमतेम एकाचा फरक पडतो. ३७ अंशांना θ (रेडियनमध्ये) ०.६४४ आणि sin θ ०.६०, म्हणजे ओढ सुमारे ७ टक्के कमी. वाट लांबते, पण ओढ त्या मानाने वाढत नाही, म्हणून गोळीला परतायला उशीर होतो. तरी दोलनकाल ७ टक्क्यांनी वाढत नाही, २.६ टक्क्यांनीच वाढतो, कारण ही तूट टोकांजवळ मोठी असते आणि तळाजवळ जवळजवळ नसतेच. वाढ साधारण θ²/16 इतकी असते, त्यामुळे कोन निम्मा केला की चूक चौथ्या हिश्शावर येते. माझ्या झोक्यांत ती पूर्ण २.६ दिसली नाही, दोनच टक्के दिसली. हवेमुळे विसाव्या झोक्यापर्यंत कोन २८ अंशांवर आला होता.

दुसऱ्या फेरीत कोन सारखा ठेवला, ५ अंश. म्हणजे १ मीटरला ८.७ सेंटीमीटर ओढ, ५० ला ४.४ आणि २५ ला जेमतेम २.२. तीन-तीन मोजण्यांची सरासरी ४०.२१, २८.४१ आणि २०.११ सेकंद आली. g निघाला ९.७७, ९.७८, ९.७६. हाताने बटण दाबून याहून बारीक अपेक्षा धरता येत नाही. ४०.२१ भागिले २०.११ केलं की २.००!

तिसऱ्या रविवारी मुद्दाम ५० सेंटीमीटरचा लंबक ६० अंशांवरून सोडला आणि पाचच झोके मोजले, म्हणजे कोन फार घटत नाही. ७.१० ऐवजी ७.५८ सेकंद. हा फरक लपूच शकत नाही.

सतराव्या शतकातला डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याच्या घड्याळात लंबक असाच मोठ्या कोनात झुले. त्याने टांगणीच्या दोन्ही बाजूंना वक्र पट्ट्या बसवल्या. झोका मोठा झाला की दोरा त्यांना टेकतो आणि झुलणारा भाग आखूड होतो, त्यामुळे दोलनकाल कोनावर अवलंबून राहत नाही. हा वक्र लंबकाच्या लांबीच्या पाव त्रिज्येचं चाक घरंगळवून मिळतो. माझ्या ५० सेंटीमीटरच्या दोऱ्यासाठी साडेबारा सेंटीमीटर त्रिज्येची चकती प्लायवूडमधून कापून ठेवली आहे. चकतीच्या कडेला पेन्सिल बांधून ती सरळ पट्टीवर घरंगळवायची, मग त्या रेषेवर पट्ट्या कापायच्या. ६० अंशांची मोजणी ७.१० वर येते का, ते पुढच्या नोंदीत लिहितो.