१२,४८० व्ह्यूज झाले, पण माणसं किती? (सहा आठवड्यांची नोंद)

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे, दोरीची गाठ शिकवणारा माझा चार मिनिटांचा व्हिडिओ मी माझ्याच पानावर, माझ्याच प्लेअरमध्ये ठेवला. हा विषय मुद्दाम निवडला. गाठ एका बैठकीत जमत नाही. माणूस हातात दोरी घेऊन बसतो, बघतो, चुकतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतो. म्हणजे एकाच माणसाचे अनेक व्ह्यूज होणार हे आधीपासूनच पक्कं होतं, आणि मला तेच हवं होतं. सहा आठवड्यांत एकूण १२,४८० व्ह्यूज झाले. प्रत्येक माणसाची ओळख न साठवता, फक्त थोड्या व्ह्यूजचा नमुना घेऊन, ही किती माणसं असतील ते काढायचं होतं.

आधी दोन चुका सांगते. दोन्ही चुका दिसायला अगदी बरोबर वाटतात, म्हणून त्यांना जरा जागा देते.

पहिली चूक कागदावरच सापडली. माझा विचार सरळ होता: काही व्ह्यूज निवडायचे, तो व्ह्यू करणाऱ्याला विचारायचं की तुम्ही एकूण किती वेळा बघितलंत, सरासरी काढायची आणि एकूण व्ह्यूजना त्या सरासरीने भागायचं. खरी आकडेवारी हाताशी नव्हती, म्हणून एक छोटं खोटं जग मांडलं. १०० प्रेक्षक. त्यातल्या ७० जणांनी एकदाच बघितलं, २० जणांनी तीनदा आणि १० जणांनी प्रत्येकी २७ वेळा. व्ह्यूज झाले ७० + ६० + २७०, म्हणजे ४००. खरी सरासरी माणशी ४.

आता या ४०० व्ह्यूजच्या ढिगातून एक चिठ्ठी उचला. ती २७ वेळावाल्याची असण्याची शक्यता ४०० पैकी २७०, म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त, जरी असे लोक दहातला एकच असला तरी. अशा चिठ्ठ्यांची सरासरी ४ येत नाही, १८.८५ येते. ४०० ला १८.८५ ने भागलं की २१ माणसं. १०० च्या जागी २१! व्ह्यू निवडला की जास्त बघणारा माणूस जास्त वेळा हाती लागतो, हीच सगळी गोम आहे.

यावर उपाय जुना आहे. हॅन्सन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये नमुनानिवडीसाठी मांडलेली कल्पना इथे जशीच्या तशी लागू पडते: जो जितक्या पटीने जास्त हाती लागतो, त्याला तितक्याच पटीने कमी वजन द्यायचं. म्हणजे सरासरी "किती वेळा"ची घ्यायची नाही, "एक भागिले किती वेळा"ची घ्यायची, आणि तिने एकूण व्ह्यूजना गुणायचं. वरच्या जगात २७ वेळावाल्याची प्रत्येक चिठ्ठी १/२७ माणूस मोजते, आणि त्याच्या २७ चिठ्ठ्या मिळून बरोबर एक माणूस होतो. ७० + २० + १० = १००. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी पेन खाली ठेवून पुन्हा बेरीज केली होती.

दुसरी चूक प्रत्यक्ष बसवताना झाली, आणि तिने तीन दिवस खाल्ले. लोकांना प्रश्न विचारायची मला इच्छा नव्हती. पाचव्यांदा बघणाऱ्याला पुन्हा पुन्हा खिडकी दिसली की तो वैतागून बंद करतो, आणि उत्तरं नवख्यांचीच उरतात. म्हणून ब्राउझरमध्येच, त्याच्या `localStorage` या साठ्यात, एक मोजणी ठेवली, आणि सरासरी तिसातल्या एका व्ह्यूला तो आकडा माझ्याकडे पाठवायचा असं केलं:

```js
const k = Number(localStorage.getItem("seen") || 0) + 1;
localStorage.setItem("seen", k);
if (Math.random() < 1 / 30) {
  navigator.sendBeacon("/sample", String(k));
}
```

ओळख नाही, पत्ता नाही, एकच आकडा. आता `1/k` ची सरासरी घ्यायची की झालं, असं वाटलं. पण `k` म्हणजे माणसाचे एकूण व्ह्यूज नव्हेत. हा व्ह्यू त्याचा कितवा, एवढंच `k` सांगतो. २७ वेळा बघणारा माणूस चौथ्या वेळी हाती लागला तर तो १/२७ ऐवजी १/४ मोजला जातो. त्याच खोट्या जगात हिशेब केला तर १०० ऐवजी जवळपास १४६ माणसं निघतात. पहिली चूक आकडा पाडते, ही चढवते. दुसरी जास्त धोकादायक, कारण १४६ हा आकडा बघून कुणाला शंकाही येत नाही.

उत्तर समोरच होतं. प्रत्येक माणसाचा पहिला व्ह्यू एकदाच होतो, कमीही नाही, जास्तही नाही. मग नमुन्यातले `k` एक असलेले किती, एवढंच मोजायचं:

```
माणसं = एकूण व्ह्यूज × (k = 1 असलेले नमुने / सगळे नमुने)
```

माणूस पुढे किती वेळा बघणार आहे हे कळण्याची गरजच उरत नाही. याची किंमत थोडी मोजावी लागते, कारण "पहिला आहे की नाही" यात माहिती कमी असते आणि आकडा जरा जास्त हलतो. खोट्या जगात ४० चिठ्ठ्या काढल्या तर प्रमाण-चूक, म्हणजे अंदाज साधारण किती इकडेतिकडे हलतो ते, प्रत्येकाचे एकूण व्ह्यूज माहीत असताना २३ माणसांची, आणि फक्त पहिला व्ह्यू मोजताना २७ ची. एवढ्या फरकासाठी मी लोकांना छळणार नाही.

एक पथ्य मात्र पाळावंच लागतं: एकूण व्ह्यू आणि `k` एकाच घटनेवर मोजले गेले पाहिजेत. माझा एकूण आकडा आधी पान उघडताना वाढायचा आणि `k` प्ले दाबल्यावर. पान उघडून नुसतं निघून जाणारेही त्यामुळे व्ह्यू म्हणून गुणले जात होते. दोन्ही प्लेवर आणले, जुने आकडे टाकून दिले आणि पहिल्या दिवसापासून नव्याने सुरुवात केली.

आता खरे आकडे. १२,४८० व्ह्यूजमधून ४०९ नमुने आले. त्यातले १२७ पहिले व्ह्यू, म्हणजे ३१ टक्के. अंदाज सुमारे ३,८७५ माणसं, आणि दोन्हीकडे ५७० ची सूट, म्हणजे प्रमाण-चुकीच्या दुप्पट. पडताळणीसाठी सर्व्हरवर एक वेगळा मोजक ठेवला होता. तो नमुना न घेता `k = 1` असलेला प्रत्येक व्ह्यू मोजत होता, आणि सहा आठवडे तो बघायचा नाही असं मी ठरवलं होतं. शेवटच्या दिवशी उघडला: ४,०१२. अंदाज सुटीच्या आत बसला.

इथे थांबता आलं असतं. पण ४,०१२ ही माणसं नाहीत, ४,०१२ रिकामे `localStorage` आहेत, आणि ही गोष्ट मनातून जाईना. म्हणून नमुने दोन तऱ्हांनी फोडले: पहिला आठवडा आणि पुढचे पाच, तसंच सफारी आणि बाकीचे ब्राउझर. (ब्राउझरचं नाव विनंतीबरोबर तसंही येतंच.)

पहिल्या आठवड्यात सफारीचे ३४ नमुने, त्यात २० पहिले. बाकीच्यांचे ८५, त्यात ४९ पहिले. ५९ टक्के आणि ५८ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही. पुढच्या पाच आठवड्यांत सफारीचे ८१ पैकी ३१ पहिले, म्हणजे ३८ टक्के. बाकीच्यांचे २०९ पैकी २७, म्हणजे १३ टक्के.

सफारीवाले लोक वेगळे असते तर पहिल्या आठवड्यातही वेगळे दिसायला हवे होते. फरक नेमका सातव्या दिवसानंतर उगवतो, आणि त्याचं कारण ठाऊक असलेलं आहे. २०२० पासून सफारी, वापराच्या सात दिवसांत एखाद्या संकेतस्थळाशी माणसाचा संबंध आला नाही तर, त्या स्थळाने स्क्रिप्टमधून साठवलेलं सगळं पुसते. `localStorage` त्यातच येतं. दहा दिवसांनी गाठ विसरून परत आलेला माणूस माझ्या हिशेबात नवा माणूस होतो. आणि गाठीचा व्हिडिओ असाच तर बघितला जातो: आठवडाभर नाही, मग गरज पडली की पुन्हा.

सफारीचे नमुने बाजूला ठेवले तर २९४ पैकी ७६ पहिले, २६ टक्के. सगळे प्रेक्षक यांच्यासारखेच वागतात असं धरलं तर माणसं ३,२२५ च्या आसपास, सूट ६४० ची. आधीच्या आकड्यापेक्षा साडेसहाशेने कमी. मी आता हाच आकडा धरते, तोसुद्धा वरची मर्यादा म्हणून, कारण फोनवर एकदा आणि संगणकावर एकदा बघणारा अजूनही दोनदाच मोजला जातोय. उलट बाजूने, एका पडद्यासमोर दोघं बसले तर एकच मोजला जातो. पण दोरी हातात घेऊन बघायच्या व्हिडिओत ते क्वचित होत असावं असं मला वाटतं.

याच फोडीतून आणखी एक गोष्ट दिसली. फक्त पहिल्या आठवड्याचे नमुने घेतले असते तर ११९ पैकी ६९ पहिले, म्हणजे गुणाकार केल्यावर ७,२०० हून जास्त माणसं. फक्त नंतरचे घेतले असते तर २९० पैकी ५८, म्हणजे २,५०० सुद्धा नाहीत. व्हिडिओ तोच, सूत्र तेच. नवखे आधी येतात, परतणारे नंतर, म्हणून नमुना पहिल्या व्ह्यूपासून शेवटच्यापर्यंत एकाच प्रमाणात सांडलेला हवा. ज्यांनी मोजणी मध्येच सुरू केली आहे त्यांच्या हिशेबात तर आधी बघून गेलेलेही `k = 1` होऊन परत येतात. त्यांनी मोजणी सुरू झाल्यानंतरच्या व्ह्यूजनाच गुणावं, आणि उत्तर "या काळात आलेली माणसं" असं वाचावं.

पुढची फेरी सोमवारपासून. `localStorage` काढून आकडा सर्व्हरच्या `Set-Cookie` मधून, म्हणजे सर्व्हरने लिहिलेल्या कुकीत, ठेवतेय, कारण सात दिवसांचा नियम स्क्रिप्टने लिहिलेल्या साठ्यासाठी आहे. माझं निदान बरोबर असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून सफारीचं पहिल्या व्ह्यूचं प्रमाण ३८ वरून बाकीच्यांच्या १३ कडे घसरायला हवं. नाही घसरलं, तर सफारीवाल्यांचं कारण दुसरंच काहीतरी आहे, आणि ३,२२५ हा आकडा मला मागे घ्यावा लागेल.