गांधीजी मॅट्रिक नापास? खानापूर ते बेळगाव, एक फेरी

टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपाशी मामांनी विषय काढला. "१९२४ ला इथं काँग्रेसचे अध्यक्ष झाले ना गांधीजी, ते मॅट्रिक नापास होते, ठाऊक आहे?" मी म्हटलं, "बघूया मामा, कागद काय म्हणतात ते."

दुसऱ्या दिवशी खानापूरहून सकाळची बस धरून एका जुन्या ग्रंथालयात गेलो. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे इथली पोरंही मुंबई विद्यापीठाचीच मॅट्रिक देत. मला त्या विद्यापीठाचं वार्षिक कॅलेंडर, म्हणजे उत्तीर्णांच्या याद्या छापलेलं पुस्तक, हवं होतं. खंड मिळाला, पण नेमकी मॅट्रिकची पानं फाटलेली! म्हणून जाण्याआधी फोन करून वर्ष सांगा आणि पानं शाबूत आहेत का ते विचारा. गांधीजींची परीक्षा नोव्हेंबर १८८७ ची, तेव्हा पुढच्या वर्षाचा खंडही मागून ठेवा. शाळा 'आल्फ्रेड हायस्कूल' म्हणून शोधू नका, ते नाव १९०७ चं. तेव्हा ती काठियावाड हायस्कूल होती.

विषयवार गुण चरित्रात छापलेले आहेत, ते मी वहीत टिपून नेले होते. तिथंच बाकावर बसून ताळा केला: इंग्रजी २०० पैकी ८९, गुजराती १०० पैकी ४५॥, गणित १७५ पैकी ५९, सामान्यज्ञान १५० पैकी ५४. बेरीज ६२५ पैकी २४७॥, म्हणजे ३९.६ टक्के. जेमतेम, पण पास. क्रमांक ४०४ वा सांगतात. असा आकडा दिसला की यादीत शेजारची नावं बघायची. ती अकारविल्हे असतील तर तो नुसता अनुक्रमांक, गुणवत्तेचा नंबर नव्हे.

मग नापासाची गोष्ट आली कुठून? आत्मचरित्रात आहे. ते विलायतेत लंडनची मॅट्रिक पुन्हा बसले, तिथं पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये गेले आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. दोन मॅट्रिकांची लोकांनी खिचडी केली, एवढंच.

कुणी शिक्षण सोडलं का, हे मात्र अशा छापील निकालावरून ठरवू नका. त्यात फक्त उत्तीर्णांची नावं. पुढच्या वर्षी कुणाचं नाव दिसलं नाही तर तो नापास, गैरहजर की कॉलेज सोडून गेलेला, हे कळत नाही. त्यासाठी कॉलेजचं हजेरीपत्रक लागतं. गांधीजींच्या बाबतीत त्यांनीच लिहून ठेवलंय: भावनगरच्या सामळदास कॉलेजातून पहिल्या सत्रानंतर ते घरी परतले.

संध्याकाळी मामांना सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, नापास नाहीत. पण कॉलेज सोडलंच की!"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.