आमची वाटचाल : कॅलेंड्युलाचं तेल, मंद आच आणि बुरशी

आमचा उद्योग लहान आहे. वाळवलेली फुलं आणि पानं तेलात मुरवून आम्ही त्वचेसाठी तेलं तयार करतो. काम सुरू झालं ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर, एका पातेल्यात आणि एका काचेच्या बरणीत. पुढे पातेल्याच्या जागी तापमान स्थिर ठेवणारी टाकी आली, बरणीच्या जागी स्टीलची पिंपं आली, पण पद्धत तीच राहिली. बदललं ते कामाच्या वेळेचं गणित. तेल कोमट ठेवण्यापेक्षा फुलं वाळवणं आणि वाळलेली फुलं तपासणं यावर आता आमचे जास्त दिवस जातात. घरी तेल करणाऱ्यांचा आम्हाला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘बरणीत बुरशी का आली?’ हा असतो, आणि त्याचं उत्तरही बहुतेक वेळा वाळवणीतच सापडतं.

आयुर्वेदातला तेलपाक आणि ही मंद पद्धत यांत एक मूलभूत फरक आहे. तेलपाकात कल्क म्हणजे वनस्पतीचा वाटलेला गोळा आणि काढा तेलात घालून, त्यातलं पाणी आटेपर्यंत ते शिजवतात. पाणी संपलं की नाही, हे कल्काची वात करून ती विस्तवावर धरून पाहतात. तडतड आवाज आला तर पाणी अजून शिल्लक आहे. मंद पद्धतीत तेल ४५ ते ५० अंश सेल्सियसच्या पुढे जात नाही. फुलांचा रंग आणि गंध जपायला एवढी ऊब पुरते, पण तेलाखाली बसलेलं पाणी ती बाहेर काढू शकत नाही. म्हणून जे पाणी तेलपाकात आचेवर आटतं, ते इथे फुलं तेलात पडण्याआधीच गेलेलं असायला हवं. बुरशी शुद्ध तेलात वाढत नाही. ती ओलसर फुलावर, तेलाबाहेर डोकावणाऱ्या पाकळीवर किंवा झाकणावरून पडलेल्या थेंबाच्या आधाराने वाढते.

आधी फुलाची ओळख पक्की करा. कॅलेंड्युला म्हणजे दसऱ्याच्या तोरणातला झेंडू नव्हे. दोन्ही एकाच मोठ्या कुळातले असले तरी वनस्पती वेगळ्या आहेत. आपल्याकडे कॅलेंड्युला थंडीत फुलतो आणि फुलं मुख्यतः डिसेंबर ते मार्चमध्ये मिळतात. नुसत्या पाकळ्या न घेता अख्खं फूल घ्यावं, कारण बोटांना चिकटणारा राळेसारखा पदार्थ फुलाच्या हिरव्या बुडाशी जास्त असतो. अडचणही तिथेच आहे. पाकळ्या दोन दिवसांत कुरकुरीत होतात, पण बूड आतून ओलं राहतं. पाकळ्यांकडे पाहून फूल वाळलं असं ठरवलं की ते बुडातलं पाणी बरणीत जातं.

अर्धा लिटर तेलासाठी आम्ही ५० ग्रॅम वाळलेली फुलं धरतो. त्यासाठी साधारण ३०० ते ३५० ग्रॅम ताजी फुलं लागतात. दव उडाल्यावर फुलं तोडा आणि जाळीवर किंवा मोठ्या चाळणीत, तोंड खाली करून, एकाच थरात पसरा. सावलीत पण वाऱ्याला ठेवा. कडक उन्हात केशरी रंग उडतो. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत देशावर पाच ते सात दिवस लागतात. ड्रायर असेल तर ४० ते ४५ अंशांवर एक पूर्ण दिवस गृहीत धरा. पावसाळ्यात, आणि कोकणात तर बाराही महिने, उघड्या हवेवर भरवसा ठेवू नका. तिथे ड्रायरच वापरा. आमचं वर्षाचं वेळापत्रकही यावरच बांधलेलं आहे. फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळवून हवाबंद डब्यांत भरतो आणि तेल त्यांतून वर्षभर करतो.

वाळवण झाल्यावर दोन चाचण्या करा. पहिली, बूड दोन बोटांत धरून मोडा. ते कट् आवाज करून तुटलं पाहिजे. वाकलं किंवा दबलं तर पुन्हा वाळवा. दुसरी, फुलं कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी पाकळ्या मऊ वाटल्या किंवा काचेवर आतून धुरकटपणा दिसला, तर बुडातला ओलावा बाहेर आलाय असं समजा. ही दुसरी चाचणी टाळू नका.

थोडासा ओलावा किती नुकसान करतो ते पाहू. नीट वाळलेल्या फुलातही वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं पाणी असतं. पण ते फुलाच्या तंतूंत बांधलेलं असतं आणि बुरशीला वापरता येत नाही. तीच फुलं अर्धवट वाळली आणि त्यांत पाचवा हिस्सा पाणी राहिलं, तर ५० ग्रॅममागे जवळपास ५ ग्रॅम जास्तीचं पाणी तेलात येतं. म्हणजे एक चहाचा चमचा भरून पाणी, तेही तळाशी आणि फुलांच्या सांदीत. बुरशीला एवढं पुष्कळ होतं.

तेल म्हणून आम्ही तिळाचं घेतो. ते लवकर खवट होत नाही. खोबरेलही चांगलं, पण ते साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे थंडीत गाळताना त्रास देतं. साधं सूर्यफूल तेल लवकर खवट होतं, म्हणून टाळतो. घाण्याचं तेल ताजं असेल तर दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेलच घ्या.

आता प्रत्यक्ष कृती. बरणी रुंद तोंडाची, एक लिटरची घ्या. धुतल्यावर ती उन्हात किंवा ओव्हनमध्ये पूर्ण कोरडी करा. पुसलेली बरणी कोरडी धरू नका, कारण आट्यांमध्ये पाणी राहतं. फुलं हाताने मोडून भरा. पूड करू नका, ती गाळली जात नाही आणि गाळात ओलावा धरून ठेवते. वरून ५०० मिली तेल घाला, कोरड्या स्टीलच्या चमच्याने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि फुलांवर बोटभर तेल आहे ना, ते पाहा. फुलं तेल शोषतात, त्यामुळे तासाभराने पुन्हा पाहा आणि लागलं तर तेल वाढवा. तोंडावर दुहेरी मलमल रबराने बांधा. झाकण लावू नका, कारण उबेने निघणाऱ्या ओलाव्याला बाहेर जायला वाट हवी.

मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडक्याची घडी ठेवून त्यावर बरणी ठेवा आणि तेलाच्या पातळीच्या थोडं खालीपर्यंत पाणी भरा. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पातेल्यातल्या पाण्याची वाफ वर येऊन मलमलीवर जमते आणि तिथून तेलात उतरते. त्यासाठी बरणीच्या गळ्याभोवती ॲल्युमिनियम फॉइलची रुंद कॉलर बसवा आणि तिच्या कडा पातेल्याच्या काठावर दुमडा. पाणी ५५ अंशांपर्यंत तापवून गॅस बंद करा आणि पातेल्याभोवती जाड टॉवेल गुंडाळा. पाणी ४५ वर आलं की पुन्हा थोडं तापवा. तापमान अंदाजाने ठरवू नका, स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर वापरा आणि प्रत्येक वेळी त्याची सळई पुसून मगच तेलात बुडवा. स्लो कुकर वापरणाऱ्यांनी आधी त्यात नुसतं पाणी ठेवून मोजावं. अनेक कुकरांचं सर्वात मंद बटणही यापेक्षा खूप जास्त तापतं.

अशी ऊब रोज सहा तास, तीन दिवस द्या. रोज एकदा ढवळा आणि तरंगणारी फुलं खाली दाबा. रात्री बरणी पाण्यातून काढून बाहेरून पुसा आणि पूर्ण थंड झाल्यावरच झाकण लावा. कोमट असताना लावलं तर आतून दव धरतं आणि तेच थेंब तेलात पडतात. तिसऱ्या दिवशी तेल गडद सोनेरी-केशरी दिसतं.

गाळताना घाई नको. मलमलीतून तेल आपोआप ठिबकू द्या, पिळू नका. पिळलेलं तेल वेगळ्या बाटलीत ठेवून आधी वापरून संपवा, कारण त्यात बारीक चोथा आणि ओलावा येतो. नितळ तेल दोन दिवस न हलवता ठेवा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने असेल ते तळाशी जातं. वरचं तेल अलगद ओतून घ्या आणि तळाचं बोटभर सोडून द्या. तेलपाकातली चाचणी इथे उपयोगी पडते. तळाच्या तेलात कोरड्या कापसाची वात भिजवून पेटवा. शांत जळाली तर ठीक, तडतडली तर वरचं तेल आणखी दोन दिवस निवळू द्या आणि पुन्हा तपासा. तेल गाळून बाटल्या गळ्यापर्यंत भरा. बाटल्या गडद काचेच्या आणि पूर्ण कोरड्या हव्यात. लेबलवर तारीख आणि तेलाचा प्रकार लिहा. घरच्या वापरासाठी सहा महिन्यांत संपेल एवढंच करा.

कडुनिंबाची पद्धत हीच, पण तीन फरक आहेत. गुढीपाडव्याला मिळणारी कोवळी तांबूस पालवी घेऊ नका, तिच्यात पाणी जास्त असतं. एप्रिल-मेमध्ये जून झालेली हिरवी पानं घ्या. पानाची मधली काडी काढून टाका, कारण ती सर्वात शेवटी वाळते. आणि तयार तेल अंधारात ठेवा. पानातलं हरितद्रव्य तेलात उतरतं आणि उजेडात तेल लवकर खवट करतं. हे पानांचं तेल म्हणजे बियांपासून काढलेलं निंबोळी तेल नव्हे. दोन्ही पोटात घ्यायची नाहीत, आणि लहान मुलांपासून तर दूरच ठेवायची.

बिघाड ओळखताना बुरशी आणि खवटपणा वेगळे समजा. पृष्ठभागावर पांढरे, राखाडी किंवा हिरवट तंतू, ओल्या भिंतीसारखा वास किंवा तळातून वर येणारे बुडबुडे दिसले तर सगळं तेल टाका. वरचा थर काढून उरलेलं वापरता येत नाही. जुन्या रंगासारखा उग्र वास हा खवटपणाचा असतो, त्याचं कारण हवा, उजेड आणि उष्णता. व्हिटॅमिन ई खवटपणा लांबवतं, बुरशी थांबवत नाही. ते घातलं म्हणून ओल्या फुलांचं तेल टिकणार नाही. थंडीत खोबरेल पांढरं झालं तर तो बिघाड नाही, कोमट केलं की ते नितळ होतं.

शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी कॅलेंड्युलाचं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं. वाहत्या जखमेवर ते लावू नये. आणि घरी केलेलं तेल विकायचा विचार असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. औषध म्हणून विकायचं असेल तर आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना वेगळा.