फाटकं पान: खोट्या भूपाल तोडीपासून ओळखीच्या चालीपर्यंत

जुनी पायपेटी घेतली तेव्हा तिच्या खोक्यात तळाशी अंथरलेलं एक पान मिळालं होतं, त्याचा उल्लेख मागच्या नोंदीत केला होता. शाईनं लिहिलेलं सरगम, अडीच ओळी, पुढचं फाटलेलं. शब्दांची ओळ नाही, तालाचं नाव नाही, रागाचं नाव नाही. तीन आठवडे ते माझ्यापुढे होतं आणि त्यातले दोन मी फुकट घालवले.

कारण साधं होतं. मी शिकलो ती स्वरलेखनाची भातखंडे पद्धत. तिच्यात स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल आणि डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पानावर सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर, आणि बहुतेकांखाली आडवी रेघ. कोमल रे, कोमल ग, कोमल ध, म आणि नि वर्ज्य: झाली की भूपाल तोडी! मध्येच दोन ग आणि एक ध बिनरेघेचे होते, ते मी लिहिणाऱ्याची चूक म्हणून सोडून दिले. (वहीत आपल्याला न पटणारी गोष्ट दिसली की आधी लिहिणाऱ्यालाच मूर्ख ठरवायचं, ही माझी जुनी खोड.)

मग एका रात्री स्वच्छ प्रत काढताना हात थांबला. रेघ सा आणि प खालीही होती. हे दोन्ही अचल स्वर, ते कोमल होणारच कसे? म्हणजे ती रेघ कोमलाची नव्हतीच. ही स्वरलेखनाची दुसरी, पलुसकर पद्धत. तिच्यात स्वराखालची आडवी रेघ म्हणजे एक मात्रा आणि शून्य म्हणजे अर्धी मात्रा. ज्या ग आणि ध ना मी चुकीचे समजलो, त्यांच्याखाली फिकट शून्यं होती. मी ती शाईचे डाग समजून सोडली होती. पलुसकरांकडे कोमलाची खूण वेगळी, पाय मोडल्यासारखी तिरकी, आणि ती या पानावर कुठेच नाही. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे भूप रागाची माणसं.

टिंबांचंही तसंच. पानावर फक्त चार स्वरांच्या डोक्यावर टिंब आहे: अगदी पहिला प, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटचे ध ध प. भातखंडे पद्धतीनं ते तार सप्तकातले. मग गाणारा मध्य सा वरून थेट तार धैवतावर उडी मारतो आणि पुन्हा सा वर येतो, वाटेत तार सा ला शिवतही नाही. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं आणि तार सप्तकाला उभी रेघ. टिंबं मंद्राची धरली की उडी नाहीशी होते. आता सरळ वाचलं (मंद्राला खाली टिंब, ऽ हा अवग्रह आणि त्याला जोडलेला पुढचा स्वर मिळून एक मात्रा):

प़ | सा ऽसा सा ग | रे ऽसा रे ग | सा ऽसा ग प | ध ऽ ऽ

ध | प ऽग ग सा | रे ऽसा रे ग | सा ऽध़ ध़ प़ | सा ऽ ऽ

पेटीवर वाजवलं. भूपच वाटेना. पहिली ओळ धैवतावर तीन मात्रा थांबते म्हणून क्षणभर त्याच पाच स्वरांच्या देशकाराकडे वळलो, पण देशकार उत्तरांगात रमतो, आणि हे खाली मंद्र पंचमापर्यंत उतरतं. शिवाय दोन्ही ओळी एकच मात्रा आधी उचलतात. बंदिशीचा मुखडा इतका आखूड सहसा नसतो. इथं मला कळलं की मी बंदिश शोधतोय हीच चूक.

लय निम्मी करून परत वाजवत होतो, तेवढ्यात शेजारचे निवृत्त सुभेदार काका दारात उभे राहिले. ‘‘अहो, हे तर पासिंग आउट परेडचं! खडकवासल्याला पोरं अंतिम पग ओलांडतात, तेव्हा बँड हेच वाजवतो.’’ ऑल्ड लँग साइन! स्कॉटलंडची चाल, आणि पाचच स्वरांची म्हणून आपल्या कानाला भूपाजवळची.

ओळख पटली तरी पडताळा हवाच. या चालीचं धृपद दुसऱ्या ओळीसारखंच सुरू होतं: ध, प ऽग ग सा, रे ऽसा रे. पण पुढं ग वर न जाता ते ध वर जातं. पानावरची तिसरी ओळ नेमकी त्या ‘रे’पाशी फाटली आहे, आणि कडेला एका अक्षराचा अर्धा भाग उरलाय. भिंग लावून पाहिलं. ग ला पोटात गाठ नसते, ध ला असते. गाठ आहे.

लिहिणाऱ्याच्या मनात शब्द कुठले होते, हे मात्र स्वरांवरून सांगता येणार नाही. रवींद्रनाथांचं ‘पुरानो सेई दिनेर कथा’ याच चालीवर बेतलेलं आहे. शब्दांची ओळ कोरी आहे तोवर दोन्ही शक्यता उघड्या.

पानाच्या मागच्या बाजूला आणखी चार स्वर आहेत. त्यातल्या म च्या डोक्यावर उभी रेघ आहे. भातखंड्यांचा तीव्र म, की पलुसकरांचा तार म? या वेळी आधी सा-प च्या खालच्या खुणा बघणार.