आमची वाटचाल: डब्यातला थेंब आणि झाकणावरचा थेंब

साताऱ्यात आम्ही फळांचे भेटडबे करायला लागलो, ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून. भिलार, पाचगणीकडची स्ट्रॉबेरी जवळच आणि तासगावची द्राक्षंही त्याच सुमाराला यायला लागतात. डबा उघडला की तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, एवढाच तेव्हा ध्यास होता. त्यापायीच पहिल्या वर्षी मोठा फटका बसला.

चाळीस डब्यांची एक ऑर्डर होती. फळं ताजी दिसावीत म्हणून भरून झाल्यावर प्रत्येक डब्यावर स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारलं आणि झाकणं लावली. दिसायला डबे फार सुंदर. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. स्ट्रॉबेरी मऊ पडली होती, तळाचा कागद लाल झाला होता आणि काही फळांवर राखाडी बुरशीची लव आली होती. सगळे पैसे परत केले.

चूक नुसत्या स्प्रेची नव्हती. फळं फ्रिजमधून काढून लगेच भरली होती. थंड फळाला बाहेरची उबदार हवा लागली की त्यावर आपोआप दव धरतं आणि बंद डब्यात ते वाळायला वाट नसते. त्यात आमचं पाणी. आता थंड क्रेट झाकलेलेच ठेवतो, म्हणजे दव फळाऐवजी झाकणावर बाहेरून धरतं. फळ खोलीच्या हवेइतकं झालं की मगच उघडून भरतो. स्ट्रॉबेरी धुवत नाही, एकावर एक रचत नाही, खाली टिपकागद घालतो आणि डब्याला बाजूनं भोकं ठेवतो. डब्यात थेंब दिसला, तर तो डबा आमच्याकडून जात नाही.

मग थेंब कुठे दाखवायचे? झाकणावरच्या फोटोत. तिथेही एकदा फसलो. फोटोग्राफरनं पाण्यात ग्लिसरीन मिसळलं. त्यानं थेंब तासभर हलत नाहीत, पण सगळे सारखे गोल, मण्यांसारखे दिसतात. शिवाय कॉम्प्युटरवर लाल रंग इतका चढवला की झाकण उघडल्यावर आतली खरी स्ट्रॉबेरी फिकी वाटायला लागली. सासूबाईंनी झाकण हातात घेऊन विचारलं, "अगं, ही फळं आहेत का मेणाची?" छापलेली सगळी झाकणं बाजूला ठेवली.

दुसरा फोटो घरीच, सकाळी खिडकीच्या उजेडात काढला. साधं पाणी, स्प्रे वरून आणि जरा लांबून, फक्त दोनदा. थेंब लहानमोठे पडतात, एखादा ओघळतो आणि फळाच्या खालच्या बाजूला जवळजवळ काहीच नसतं. खरं दव असंच दिसतं. उजेड मागून तिरका घेतला की प्रत्येक थेंबात प्रकाशाचा ठिपका येतो. पुढच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की सावली काळी पडत नाही. पाणी पाच-दहा मिनिटांत ओघळून जातं, म्हणून आधी सगळी मांडणी कोरड्या फळांवर करून घ्यायची आणि स्प्रे शेवटी.

द्राक्षं मात्र पुसायची नाहीत. मण्यावर जो पांढुरका धुरकट थर असतो, तो द्राक्षाचाच नैसर्गिक मेणाचा थर. बोट लागलं की तिथे चकचकीत डाग पडतो. आम्ही घड कायम देठाला धरूनच उचलतो. हा थर असला की मणी नुकता तोडल्यासारखा दिसतो. चकाकणारं द्राक्ष मला तरी हाताळलेलं वाटतं.

रंगाचंही तसंच. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग थोडा गडद होतो, गोडी वाढत नाही. म्हणून जवळजवळ पूर्ण लाल झालेलीच घेतो. देठाजवळ किंचित पांढरी कड असली तरी चालते. डब्यात दोन-चार फळं गडद, बाकी जरा फिकी असली की डोळ्यांना ती शेतातली वाटतात. सगळी एकाच रंगाची निवडून भरली, की खोटी.

पानांचा प्रश्न सगळ्यात उशिरा सुटला. आधी आंब्याची पानं घालायचो, कारण ती टिकतात. पण स्ट्रॉबेरीशेजारी आंब्याचं पान बघून बायका हसायच्या आणि ते बरोबरच होतं. आता स्ट्रॉबेरीचीच तीन दलांची, कातरलेल्या कडेची पानं मागवतो. पहाटे तोडलेली, धुऊन पूर्ण सुकवलेली, देठाला ओल्या कापसाची गुंडी करून वर प्लॅस्टिकचा तुकडा बांधलेली. फवारणीची शंका नको म्हणून पान आणि फळ यांच्यामध्ये बटर पेपर. एका डब्यात दोनच पानं. ती एक दिवस तजेलदार राहतात, पुढे मान टाकतात. खरी हिरवळ असते ती फळाच्या स्वतःच्या टोपीची. ती हिरवी आणि ताठ असली तर फळ ताजं. वाळून तपकिरी झाली असली तर कितीही लाल असू दे, डब्यात जात नाही.

प्रत्येक डब्यात आता एक चिठ्ठी असते: "आजच उघडा. खायच्या वेळी धुवा, टोपी धुतल्यावर काढा." टोपी आधी काढली तर पाणी आत शिरून फळ पाणचट होतं. परवा एका ताईंनी धुऊन ताटात काढलेल्या स्ट्रॉबेरीचा फोटो पाठवला. तो मी दुकानात लावलाय, झाकणाच्या फोटोशेजारी.