कात्रणातली दोन वर्षं

ऑक्टोबर 2023 मधली दुपार होती. ऑडिट लागणाऱ्या अशिलांची विवरणपत्रं भरायची महिनाअखेरची मुदत जवळ आली होती आणि टेबलावर फायलींचा ढीग होता. अशा वेळी साठी ओलांडलेले एक गृहस्थ दारात उभे राहिले. निवृत्त शिक्षक. खिशातून चौकोनी घडी काढून त्यांनी माझ्यासमोर उलगडली. आमच्या भागातल्या साप्ताहिकात मी आयकरावर लिहिते, त्यातल्याच एका लेखाचं ते कात्रण होतं. एका वाक्याखाली लाल शाईनं रेघ ओढलेली होती: ‘राहतं घर विकल्यावर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही.’

‘‘मॅडम, मी अगदी तुम्ही लिहिलंय तसंच केलंय,’’ ते म्हणाले. ‘‘फक्त एकदा बघून सांगा.’’

नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी आपला फ्लॅट 62 लाखांना विकला होता. पैसे बँकेत एफडी करून ठेवले होते. नोव्हेंबर 2024 पर्यंत वेळ आहे म्हणून निवांतपणे नवीन घर बघत होते. 24 जुलैला विवरणपत्रही भरलं होतं, पण घराची विक्री त्यात दाखवलीच नव्हती. कर लागणार नाही, तर दाखवायचं काय, असा त्यांचा हिशेब.

माझ्या पोटात गोळा आला. लेखातलं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. आयकर कायदा, 1961 च्या कलम 54 मध्ये घर घ्यायला विक्रीनंतर दोन वर्षं मिळतात, हे बरोबर. पण विवरणपत्र भरेपर्यंत जो नफा नव्या घरात गुंतलेला नसेल, तो विवरणपत्र भरण्याआधी आणि त्याच्या मूळ मुदतीच्या आत ‘भांडवली नफा खाते योजना, 1988’ खाली बँकेत उघडलेल्या खास खात्यात ठेवावा लागतो. त्यांच्यासाठी ही मुदत 31 जुलै 2023 ला संपली होती. साधी एफडी म्हणजे ते खातं नव्हे. ही अट मी लेखात घातलीच नव्हती. जागा कमी होती आणि वाक्य सोपं ठेवायचं होतं.

लेखाच्या तळाशी मात्र नेहमीची बारीक टाइपातली ओळ होती: ‘हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष निर्णयापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’ सरांनी कात्रण कापताना ती ओळ कात्रीबाहेर गेली होती. ती राहिली असती तरी काही उपयोग नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. नियम कुठे लागू होत नाही, हे त्या ओळीत कुठेच नव्हतं. वाचणाऱ्याला सावध करण्यापेक्षा लिहिणारीला, म्हणजे मला, वाचवण्यासाठीच ती छापलेली होती.

‘‘मग आता किती भरायचा?’’ त्यांनी विचारलं.

मी गणित मांडून दाखवलं, पण आधीच सांगितलं, ‘‘सर, हे तुमच्या कागदांचं गणित नाही. पद्धत कळावी म्हणून तुम्ही तोंडी सांगितलेले आकडे घेतेय.’’ फ्लॅट 2004-05 मध्ये 9 लाख 4 हजारांना घेतलेला. त्या वर्षाचा महागाई निर्देशांक 113, विक्रीच्या वर्षाचा 331. म्हणजे खरेदीची किंमत वाढून 26 लाख 48 हजार. 62 लाखांतून ती वजा केली की नफा 35 लाख 52 हजार. त्यावर 20 टक्के कर आणि 4 टक्के उपकर मिळून 7 लाख 38 हजार 816 रुपये. आकडा ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. माझी नजर त्या लाल रेघेवरून हलत नव्हती.

‘‘माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’’

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. एक तर मी कागद पाहिलेले नव्हते. खरेदीखत एकाच्या नावावर आहे की पती-पत्नी दोघांच्या, मध्ये घरात काही बांधकाम केलंय का, नवीन घरासाठी आधीच पैसे दिलेत का, यातली एक गोष्ट बदलली की आकडा बदलतो. शिवाय हा घोळ माझ्या लेखातून झाला होता. लेखाची बाजू सावरत मी त्यांना सल्ला दिला असता आणि ते माझं मलाच कळलं नसतं. कायदा काय म्हणतो ते मी सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं आणि शहरातल्या दुसऱ्या करसल्लागाराकडे जायला सांगितलं. फ्लॅटच्या खरेदीचं आणि विक्रीचं खत, सगळ्या बँकांची पासबुकं, भरलेलं विवरणपत्र आणि नावावर कापल्या गेलेल्या कराची नोंद दाखवणारं 26एएस घेऊन जा, असं कागदावर लिहून दिलं. 26एएस मुद्दाम लिहिलं. विक्री 50 लाखांच्या वर असल्यामुळे खरेदीदारानं 1 टक्का, म्हणजे 62 हजार, कापून भरलेले त्यात दिसणार होते. विवरणपत्रात विक्री नसली तरी आयकर खात्याकडे तिची नोंद होतीच. सुधारित विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबर 2023 ला संपते, हेही सर्वांना लागू असलेलं म्हणून सांगितलं.

त्या सल्लागारानं पासबुकं पाहिल्यावर जे निघालं, ते सरांनी मला सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये एका फ्लॅटचा करार करून त्यांनी बिल्डरला 10 लाखांचा चेक दिला होता. ‘तो तर फक्त विसार’ म्हणून त्यांच्या लेखी ती गोष्ट बिनमहत्त्वाची होती. पण विवरणपत्र भरण्याआधी नव्या घरासाठी गेलेली ती रक्कम सवलतीत धरता आली. करपात्र नफा 25 लाख 52 हजारांवर आला, म्हणजे कर 5 लाख 30 हजार 816 रुपये. त्यातून कापलेले 62 हजार वजा करून बाकीचा त्यांनी डिसेंबरमध्ये सुधारित विवरणपत्रासह भरला. मी त्या दुपारी ‘भरून टाका’ म्हटलं असतं, तर दोन लाख जास्त गेले असते.

पुढच्या अंकासाठी मी तो लेख पुन्हा लिहिला. सुरुवातीलाच म्हटलं, की आधीच्या लेखात एक अट राहून गेली होती आणि ती अशी आहे. ‘दोन वर्षं’ हे शब्द जिथे आले, त्याच वाक्यात खात्याची अट घातली. हे कोणत्या वर्षातल्या विक्रीला लागू आहे, तेही वरच लिहिलं. ही सवय पुढे उपयोगी पडली, कारण 23 जुलै 2024 पासून कराचा दरच बदलला आणि निर्देशांकाचं गणितही सर्वांसाठी तसं राहिलं नाही. वर्ष लिहिलं नसतं, तर तेच 20 टक्क्यांचं उदाहरण पुढच्या कुणाला तरी चुकीच्या वाटेला लावून गेलं असतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, 2025 लागू, म्हणजे कलमांचे आकडेही वेगळे.

तळाची ओळ काढली नाही, बदलली. ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ ऐवजी लिहिलं: ‘घर दोघांच्या नावावर असेल, वारशानं आलेलं असेल, किंवा नव्या घरासाठी आधीच काही रक्कम दिली असेल, तर वरचं उदाहरण तुम्हाला जसंच्या तसं लागू होणार नाही. खतं आणि पासबुकं दाखवूनच विचारा.’

छापायला देण्याआधी मी तो मजकूर सरांकडे पाठवला. दोन दिवसांनी परत आला. माझं वाक्य होतं, ‘मुदतीत खात्यात रक्कम ठेवली नाही, तर सवलत साधारणपणे मिळत नाही.’ ‘साधारणपणे’भोवती लाल गोल होता आणि समासात लिहिलं होतं, ‘म्हणजे कधी मिळते?’

मी तो शब्द खोडला आणि त्या जागी दोन वाक्यं घातली: ‘कायद्याचे शब्द पाहिले तर सवलत जाते. उशिराच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर घेतलेल्या काही जणांना न्यायालयांनी ती दिली आहे, पण सगळे निकाल एका बाजूचे नाहीत, म्हणून त्या भरवशावर मुदत चुकवू नये.’