भरलाय ९५ टक्के, तरी प्रथिन नाही

‘लशीचा आरएनए बनवला, लिपिडच्या नॅनोकणांत ९५ टक्के भरलाही, तरी पेशीत प्रथिन जेमतेमच. चुकतं कुठे?’

आधी कण बाजूला ठेवा. तोच आरएनए बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सफेक्शन रसायनाने पेशींत घाला. प्रथिन भरपूर बनलं तर दोष कणात. नाही बनलं तर आरएनएत. ही चाचणी फक्त एचईके२९३ या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींवर करू नका. परका आरएनए ओळखणारी यंत्रणा त्यांच्यात दुबळी असते, त्यामुळे खराब आरएनएही तिथे पास होतो. मानवी डेंड्रिटिक पेशी खरं बोलतात.

युरिडिनच्या जागी एन१-मिथाइलस्यूडोयुरिडिन वापरलं की टीएलआर७ आणि टीएलआर८ हे पहारेकरी बरेचसे गप्प बसतात. पण टी७ पॉलिमरेजने सोबत बनवलेला दुपदरी आरएनए त्याने नाहीसा होत नाही. तो पीकेआर या पेशीतल्या दुसऱ्या पहारेकऱ्याला जागं करतो आणि पेशी भाषांतरच, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनवणंच, आवरतं घेते. दुपदरी आरएनए पकडणाऱ्या जे२ प्रतिपिंडाने डॉट ब्लॉट करा. डाग उमटला तर सेल्युलोजमधून गाळून घ्या.

प्रथिनात न उतरणाऱ्या, म्हणजे अभाषांतरित भागात लोक ३′ टोकाचीच फार काळजी करतात. मी आधी ५′ टोकाचं पहिलं अक्षर बघतो. आरएनएच्या ५′ टोकाला टोपी बसवणारं क्लीनकॅप एजी वापरताना साच्यात प्रमोटरनंतरची सुरुवात एजीने हवी. जुना प्लाझमिड जीजीने सुरू होत असेल तर टोपी नीट बसत नाही, आणि बिनटोपीच्या आरएनएवर रायबोसोम जवळजवळ चढतच नाही. टोपीपासून, जिथून प्रथिन सुरू होतं त्या खऱ्या एयूजीपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा एयूजी नको, घट्ट हेअरपिनही नको. फायझर-बायोएनटेकच्या लशीत मानवी अल्फा-ग्लोबिनचा ५′ भाग घेतला, तो उगाच नाही.

आता कण. ९५ टक्के हा रायबोग्रीन या आरएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाचा आकडा एवढंच सांगतो की रंग आरएनएपर्यंत पोचला नाही. पेशीने गिळलेला कण ज्या पिशवीत अडकतो, त्या एंडोसोममधून आरएनए सुटेल का, हे तो सांगत नाही. ते ठरतं आयनीभवनक्षम लिपिडच्या पीकेएवर, म्हणजे कोणत्या पीएचच्या आसपास ते धनभारित होतं त्यावर. तो ६ ते ७ च्या दरम्यान हवा, म्हणजे रक्तात कण जवळपास उदासीन राहतो आणि एंडोसोम आम्लधर्मी होताच धनभारित होऊन पडदा फोडतो. कण बनल्यावर टीएनएस रंगाने पीकेए मोजा. पीएच ४ च्या सायट्रेटमधला आरएनए आणि इथेनॉलमधली लिपिडं ३:१ प्रमाणात मिसळल्यावर पीएच ७.४ च्या बफरमध्ये डायलिसिस पुरेसं केलं नसेल, तर इथेनॉल आणि आम्ल उरून कण एकमेकांत मिसळत जातात. ८०–१०० नॅनोमीटरचा कण आठवड्यात फुगला तर आधी तिथे बघा.

हे सगळं ठीक असूनही प्रथिन कमी असेल, तर लिपिडची बाटली तपासा. आयनीभवनक्षम लिपिडचं ऑक्सिडेशन होऊन एन-ऑक्साइड बनतं, त्यातून अल्डिहाइड निघतं आणि ते आरएनएच्या बेसला चिकटतं. लांबी तीच राहते, म्हणून कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये आरएनए धडधाकट दिसतो. भाषांतर मात्र होत नाही. कणातून काढलेला आरएनए आयन-पेअर रिव्हर्स्ड-फेज एचपीएलसीवर चालवा. मुख्य शिखरामागून उशिरा येणारं दुसरं शिखर दिसलं, तर ती लिपिडची खेप फेकून द्या.